सिंधू संस्कृतीचा राजा कुठे गेला? वीट, गटार आणि वजनाच्या साक्षीनं

प्रश्न: "मी महापालिकेत स्थापत्य अभियंता आहे. शाळेत शिकलो की मोहेंजोदडोत काटकोनात रस्ते, झाकलेली गटारं, सगळीकडे एकाच मापाच्या विटा आणि एकसारखी वजनं होती. पण राजा, राजवाडा काही सापडलं नाही म्हणतात. आमच्या वॉर्डातलं एक गटार सरळ करताना दमछाक होते. मग एवढं सगळं राजाशिवाय कुणी बसवलं?"

उत्तर:

तुम्ही चार गोष्टी एका दमात घेतल्यात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. वीट, रस्ता, गटार आणि वजन या चौघांना सारखेपणा येण्यासाठी लागणारा धाक सारखा नसतो. एखादी गोष्ट नुसत्या कारागिराच्या सवयीनं शेकडो वर्षं तशीच राहते. दुसरीला गल्लीतल्या दहा घरांची सहमती लागते, आणि तिसरीला मात्र कुणीतरी सतत तपासत राहावं लागतं. तेव्हा "कुणी बसवलं" याचं उत्तर प्रत्येकीसाठी वेगळं काढावं लागेल.

आधी माझी बाजू सांगतो. पंचवीसेक वर्षं मी गुजरात आणि हरियाणातल्या हडप्पाकालीन उत्खननांवर काम केलं. मोहेंजोदडो सिंधमध्ये, म्हणजे पाकिस्तानात. तिथे मला कधी जायला मिळालं नाही, त्यामुळे त्या शहराबद्दल जे लिहितो ते उत्खननाचे अहवाल आणि नकाशे वाचून. आणि "सिंधू शहर" म्हणून आपण सर्रास जे बोलतो, ते बहुतेक वेळा या एकाच शहरावरून बोलतो, हेही ध्यानात असू द्या. काळ साधारण इसवी सनपूर्व २६०० ते १९००.

विटेपासून सुरुवात करू, कारण तुम्हाला ती सगळ्यात ओळखीची. घरांची भाजलेली वीट साधारण ७ × १४ × २८ सेंटीमीटर, आणि तटबंदीची मोठी वीट साधारण १० × २० × ४०. माप वेगळं, पण प्रमाण तेच, १:२:४. आता गवंड्याच्या नजरेनं बघा. लांबी रुंदीच्या दुप्पट असली की एक थर लांबीनं आणि पुढचा थर रुंदीनं रचता येतो. सांधे एकावर एक येत नाहीत आणि कोपऱ्यात वीट फोडावी लागत नाही. म्हणजे हे प्रमाण भिंतच मागते. राजस्थानातल्या कालीबंगाला शहर उभं राहण्याआधीच्या थरात कच्च्या विटा ३० × २० × १० च्या आहेत, म्हणजे ३:२:१. त्यानंतरच्या शहरी थरात त्या ३० × १५ × ७.५ झाल्या. मधल्या काळात कुणाला तरी कळलं की रुंदी थोडी कमी केली की बांधकाम सोपं जातं, आणि एकदा कळल्यावर ते कुणी सोडलं नाही.

"एकाच मापाच्या" हे मात्र शाळेच्या पुस्तकातलं वाक्य आहे. उत्खननात आम्ही एकाच भिंतीतल्या वीस-पंचवीस विटा कॅलिपरनं मोजतो तेव्हा लांबीत एक-दोन सेंटीमीटरचा फरक सहज निघतो. कारण उघड आहे. माती वाळताना आणि भाजताना आकसते, आणि किती आकसेल ते मातीवर ठरतं. दहा टक्के आकसणारी माती असेल तर २८ सेंटीमीटरची वीट हवी म्हणून साचा ३१ चा करावा लागतो. त्याच साच्यात नदीकाठची जास्त रेती असलेली माती घातली तर वीट मोठी निघते. पण तिन्ही बाजू जवळजवळ सारख्याच आकसतात, म्हणून प्रमाण टिकतं आणि माप हलतं. अशा सारखेपणासाठी हुकूम लागत नाही. साचा करणाऱ्या सुतारानं आपल्या बापाचा साचा समोर ठेवला तरी भागतं. त्यामुळे विटेवरून राजा सिद्ध करणारा युक्तिवाद मला कच्चा वाटतो.

रस्त्यांचं म्हणाल तर थोडी निराशा होईल. मोहेंजोदडोतला ज्याला उत्खननात 'फर्स्ट स्ट्रीट' नाव मिळालं तो उत्तर-दक्षिण रस्ता नऊ-दहा मीटर रुंद आणि बऱ्यापैकी सरळ आहे. पण त्याच्या आतल्या गल्ल्या चिंचोळ्या आहेत, वळतात, काही घरांच्या मागे जाऊन संपतात. घरांचे दरवाजेही बहुतेक आतल्या गल्लीत उघडतात, मोठ्या रस्त्यावर नाहीत. काटेकोर जाळी म्हणावी अशी ती नाही. कालीबंगाला मात्र १९६० च्या दशकातल्या उत्खननात रस्त्यांच्या रुंदी १.८, ३.६, ५.४ आणि ७.२ मीटर निघाल्या, म्हणजे सगळ्या १.८ च्या पटीत. तिथे काही कोपऱ्यांवर लाकडी खुंटही रोवलेले होते, गाडीच्या चाकानं भिंतीचा कोपरा उडू नये म्हणून. कोपऱ्यावर दगड पुरणारे लोक तुमच्याही वॉर्डात असतील. घरं अनेकदा पाडून पुन्हा बांधली गेली तरी हे रस्ते बराच काळ खाल्ले गेले नाहीत, हे मला आखणीपेक्षा मोठं वाटतं. आखणी एका दिवसात होते. अतिक्रमण रोखायला मात्र पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी लागतं.

आता गटार, आणि इथे जरा थांबू.

मोहेंजोदडोतल्या एखाद्या घरातलं पाणी कसं जायचं ते बघा. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला लागून न्हाणी. तिची फरशी घासून घट्ट बसवलेल्या विटांची, कडेला छोटा उंचवटा आणि एका कोपऱ्याकडे उतार. त्या कोपऱ्यातून भिंतीत भोक, आणि पाणी बाहेर. वरच्या मजल्यावर न्हाणी असेल तर भिंतीतून भाजक्या मातीचा नळ खाली उतरवलेला. बाहेर गल्लीत विटांचं गटार, बहुतेक ठिकाणी वीतभर रुंद, वरून विटांनी झाकलेलं, आणि रुंद जागी दगडाच्या लाद्या. उतार साधारण मीटरला दोन सेंटीमीटर, म्हणजे पन्नासात एक. वळणावर काटकोन न ठेवता विटा घासून गोलाई दिलेली, पाण्याचा जोर मोडू नये म्हणून. आणि जिथे दोन-तीन गटारं मिळतात किंवा ओळ लांबते तिथे मध्ये विटांचा खड्डा. पाणी त्यात पडायचं, गाळ तळाला बसायचा आणि वरचं पाणी पुढे जायचं. तुम्ही याला चेंबर म्हणाल. फरक एवढाच की यात उतरून गाळ हातानं काढावा लागायचा.

हे सगळं बांधणं अवघड नाही. पन्नासात एक उतार पाणी भरलेल्या लांबट परातीनंही काढता येतो. अवघड गोष्ट निराळी आहे. माझ्या घराच्या भोकाची उंची गल्लीतल्या गटाराच्या तळाशी जुळली पाहिजे, शेजाऱ्याची त्याच्याही पुढच्या उताराशी, आणि पलीकडच्यानं घर पाडून नवं बांधताना हा मेळ मोडता कामा नये. मोहेंजोदडोत घरं पडायची, मलबा तिथेच सपाट करून वर नवं घर उठायचं, आणि गल्लीचीही पातळी वाढत जायची. मग गटाराच्या कडांवर विटांचे थर चढवून गटारही वर आणायचं. विहिरींचंही तसंच, कडा वाढवत नेल्या. आज आजूबाजूची माती काढल्यावर त्या विहिरी कारखान्याच्या धुराड्यासारख्या उभ्या दिसतात, इतकी शहराची पातळी चढली होती. मोहेंजोदडोचा अभ्यास करणारे जर्मन संशोधक मिशाएल यान्सेन यांच्या अंदाजानं त्या शहरात सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात.

म्हणून गटार बघताना मी आधी कडांवरचे जोडथर मोजतो. खालचे थर घासलेल्या, नीट विटांचे आणि वरचे जुन्या फुटक्या विटांचे असतील तर पुढे काय झालं ते कळतं. गटार चालू ठेवलं, पण पहिल्याइतकं मन लावून नाही. दुसरी खूण गाळाची. गटाराच्या तळाशी बारीक, थरथरांचा गाळ असेल तर पाणी वाहत होतं. मध्येच विटांचे तुकडे, हाडं, खापरं कोंबलेली दिसली तर ते गटार बंद पडलं होतं आणि लोकांनी त्यात कचरा टाकायला सुरुवात केली होती. एका उत्खननात मी नवखा असताना हा भराव 'पुरानं आणलेला' म्हणून वहीत लिहिला होता. आमच्या पर्यवेक्षकांनी एक खापर उचलून दाखवलं. त्याच्या कडा ताज्या, धारदार होत्या, वाहून आलेल्या खापरासारख्या झिजलेल्या नव्हत्या. पान खोडून पुन्हा लिहावं लागलं.

आणि हेही खरं की असं जाळं सगळीकडे नव्हतं. कालीबंगाला रस्ते इतके मोजूनमापून असूनही घरातलं पाणी रस्त्यात पुरलेल्या मोठ्या रांजणात सोडलेलं आहे. मुरायचं ते मुरेल, उरलेलं उपसा. मोहेंजोदडोतही काही घरांबाहेर नुसते तळाला भोक पाडलेले माठ आहेत. कच्छमधल्या धोलावीरात बांधकाम दगडाचं, आणि सगळा जीव पावसाचं पाणी अडवून हौदात नेण्यावर, कारण तिथे पाण्याचीच ददात. तेव्हा 'एका केंद्रातून निघालेला एक नकाशा' ही कल्पना गटाराच्या पुराव्यावर टिकत नाही. शहर आपापल्या जमिनीप्रमाणे आणि पाण्याप्रमाणे तोडगा काढत होतं, आणि तो गल्लीच्या पातळीवर राबवायला शहरातलीच काहीतरी व्यवस्था होती, एवढं मी खात्रीनं म्हणेन.

वजनांचं प्रकरण मात्र मला आजही चकित करतं.

ही वजनं बहुतेक चर्टची, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या कठीण दगडाची, सहा बाजू घासून गुळगुळीत केलेली घनाकृती. सगळ्यात लहान नेहमीचं वजन पाऊण ग्रॅमच्या जरा वर, साधारण ०.८६ ग्रॅम. पुढे दुपटीची चाल: २, ४, ८, १६, ३२, ६४. त्याच्या वर गेलं की दशकाची जोड मिळते आणि १६०, २००, ३२०, ६४० असं होतं. सर्वांत जास्त सापडतं ते सोळापट, साधारण १३.७ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या तोळ्याहून दोनेक ग्रॅम जड.

एक उदाहरण हाताळून बघू. समजा खड्ड्यातून एक छोटा घन आला, एक कोपरा उडालेला, आणि काट्यावर भरला २७.१ ग्रॅम. ३२ पट म्हणजे ०.८६ गुणिले ३२, सुमारे २७.५ ग्रॅम. कमी पडतंय ०.४. आता उडालेला कोपरा बघायचा. चर्टची घनता साधारण २.६ असते, म्हणजे ०.४ ग्रॅम हा सुमारे ०.१५ घन सेंटीमीटर दगड झाला, चण्याच्या डाळीच्या दोन-तीन दाण्यांएवढा. कोपऱ्यातली खोक तेवढीच दिसत असेल तर हे बत्तिसाचं वजन मानायला हरकत नाही. खोक नखाएवढी मोठी असेल तर मात्र थांबायचं. आणि सहाच्या सहा बाजू घासलेल्या नसतील तर तो नुसता दगडाचा तुकडा असू शकतो, कारण २७ ग्रॅमचे दगड जगात पुष्कळ. माझ्या हाती पहिलं वजन आलं ते कच्छमधल्या एका छोट्या जागेवर. आमच्या तंबूतला काटा पाच ग्रॅमच्या खाली बोलत नव्हता, म्हणून ते रुमालात गुंडाळून जवळच्या गावातल्या सोनाराकडे नेलं. त्यानं भार सांगितला, दगड बोटांत फिरवला आणि म्हणाला, "कडा मारल्यात बघा, नाहीतर कोपरे उडतात." धारदार कडा थोड्या गोल केलेल्या असतात हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता मुद्दा. हडप्पा ते मोहेंजोदडो अंतर सुमारे ६०० किलोमीटर, लोथल आणखी खाली खंबातच्या आखाताजवळ, आणि तरीही काही टक्क्यांच्या फरकानं हीच मालिका. अशी वजनं बहरीनमध्येही मिळाली आहेत. विटेसारखं इथे सवयीवर भागत नाही. विटेच्या अर्ध्या सेंटीमीटरनं कुणाचं नुकसान होत नाही, पण वजन अर्ध्या ग्रॅमनं हलकं असण्यात विकणाऱ्याचा रोजचा फायदा असतो. लबाडीची ओढ कायम आणि माप तरी शतकानुशतकं स्थिर, याचा अर्थ ते कुठेतरी ताडून पाहिलं जात होतं. हडप्पाला शहराच्या दरवाजांजवळ वजनं जास्त मिळाली, त्यावरून तिथे उत्खनन करणारे अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनॉयर यांनी जकातीसारखी वसुली होत असावी असं सुचवलं आहे. मला ते पटण्यासारखं वाटतं. वजनं लहान आहेत, धान्याची पोती मोजायला नव्हेत. मणी, धातू, मौल्यवान दगड अशा मालाला ती शोभतात.

पण गंमत अशी की या वजनांवर काहीही कोरलेलं नाही. ना आकडा, ना चिन्ह, ना कुणाची मोहर. मुद्रांवर इतकी सुरेख चित्रं आणि अक्षरं कोरणाऱ्या लोकांनी वजन कोरं ठेवलं. राजानं प्रमाणित केलेली मापं असतात तिथे आपलं नाव घालायचा मोह राजांना सहसा आवरत नाही. म्हणून माझा कल व्यापारी किंवा कारागिरांच्या संघटनांकडे, किंवा शहराशहरांतल्या करारांकडे जातो. तो कलच आहे, पुरावा नव्हे.

इथे आपल्याकडचे वाचक हमखास गुंज आणतात. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि सर्वांत लहान सिंधू वजन सुमारे आठ गुंजांएवढं. केनॉयर यांनीही रतीशी, म्हणजे गुंजेच्या बीशी, सांगड सुचवली आहे. बियांवरून माप सुरू झालं असणं शक्य आहे. पण गुंजेची बी झाडागणिक आणि ओल्या-सुक्याप्रमाणे हलकी-जड भरते, त्यामुळे थोडं इकडेतिकडे करून ती कशालाही जुळवता येते. चार हजार वर्षं अखंड चालत आलेलं माप, असं त्यावरून म्हणू नये.

एवढं झाल्यावर माणसं कोण होती, हा तुमचा खरा प्रश्न उरतो. राजवाडा म्हणता येईल अशी इमारत नाही, सोन्यानं भरलेली कबर नाही. 'पुरोहित-राजा' म्हणून पुस्तकांत छापलेला पुतळा जेमतेम साडेसतरा सेंटीमीटरचा आहे, आणि तो पुरोहित होता की राजा की दोन्ही नव्हे, हे त्या नावाखेरीज कशावरूनही कळत नाही. लिपीत चारशेच्या आसपास चिन्हं, पण एका लेखात सरासरी पाचच. एवढ्या तोकड्या मजकुरावर वाचन तपासून बघता येत नाही, म्हणून दर दोन-चार वर्षांनी 'लिपी उलगडली' अशी बातमी आली की मी एकच विचारतो: या पद्धतीनं नवीन सापडलेली मुद्रा वाचली तर अर्थ लागतो का? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मेसोपोटेमियातल्या शू-इलिशू नावाच्या माणसाची मुद्रा आहे, तो स्वतःला मेलुहाच्या भाषेचा दुभाषी म्हणवतो. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या भाषेत आणि मेसोपोटेमियाच्या भाषेत एकत्र लिहिलेला लेख मिळाला तर चित्र पालटेल. अजून तरी मिळालेला नाही.

हाडांचीही तीच गत. हरियाणातल्या राखीगढीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूनं उत्खनन केलं. तिथले साठेक नमुने तपासल्यावर एका स्त्रीचा वापरण्याजोगा डीएनए मिळाला, आणि २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिच्यात गवताळ स्टेपी प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. माहिती मोलाची, पण ती एका बाईची. तिच्यावरून तिची भाषा कळत नाही, आणि लाखो माणसांची जात-जमात तर नाहीच नाही. हडप्पाच्या दफनभूमीतल्या दातांच्या रासायनिक तपासणीत असं दिसलं की तिथे पुरलेल्यांपैकी बरेचजण लहानपणी दुसरीकडे वाढले होते. म्हणजे दफनभूमी हा शहराचा सरासरी नमुनाही नाही. बाकीच्या शहराचं मेल्यावर काय केलं जायचं, कुणास ठाऊक.

शेवटाकडे बघितलं तर मात्र 'कुणी बसवलं' यावर थोडा उजेड पडतो. इसवी सनपूर्व १९०० च्या सुमारास शहरं ओसरली तेव्हा सगळं एकदम गेलं नाही. मातीची भांडी घडवणं, मणी करणं, शेती हे रूप बदलत चालू राहिलं. आपल्याकडे प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर हडप्पा, म्हणजे शहरं ओसरल्यानंतरच्या काळाचा थर आहे, सिंधू चिन्हं असलेल्या मुद्राही तिथे मिळाल्या. पण शहरी गटारांचं जाळं, ठरावीक वजनांची मालिका आणि लिपीचा नेहमीचा वापर हे तिन्ही साधारण बरोबरच गेले. कारागिराच्या हातात जे होतं ते उरलं, आणि ज्याला अनेकांची मान्यता आणि देखरेख लागत होती ते गेलं. मोहेंजोदडोच्या वरच्या थरात तर भर रस्त्यात कुंभाराच्या भट्ट्या लागलेल्या दिसतात. 'इथे नाही लावायची' असं सांगणारं कुणी तोवर उरलं नसावं. तो सांगणारा राजाचा माणूस होता, गल्लीचा पंच होता की व्यापाऱ्यांचा कारभारी, ते मला सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट तुम्हाला अभियंता म्हणून विचारायची आहे. मोहेंजोदडोत काही गटारांच्या कडेला रेतीमिश्रित गाळाचे छोटे ढीग तसेच सापडले, म्हणजे कुणीतरी गाळ उपसून काठावर टाकला आणि तो उचलायला दुसरं कुणी आलं नाही. उपसणारा आणि वाहून नेणारा अशी दोन वेगळी माणसं होती, असं त्यावरून धरावं का? तुमच्या वॉर्डात हे काम कसं वाटलेलं असतं ते जरूर कळवा.